पावसाची गाणी, प्रेमाची आणि आठवणीतली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दर आषाढात एका रविवारी संध्याकाळी पावसाच्या गाण्यांची बैठक असते. वीसेक माणसं, कांदाभजी आणि तासाभराची गाण्यांची यादी. बैठक संपली की यादी नातेवाइकांच्या फोनांवर फिरते आणि वर्षभर तेच ते प्रश्न परत येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी, म्हणून हा खटाटोप. आवडीनिवडी अर्थातच माझ्या आहेत.

१. पावसाचं गाणं नेमकं कशाला म्हणायचं? पडद्यावर पाऊस पडत असला की झालं का?

नाही. आमच्या बैठकीत गाणं ऐकायचं असतं, पाहायचं नसतं. त्यामुळे पाऊस शब्दांत किंवा सुरांत असायला हवा. हा नियम लावला की पहिली विकेट पडते ती सगळ्यात लाडक्या गाण्याची. ‘श्री ४२०’ (१९५५) मधलं ‘प्यार हुआ इकरार हुआ’ म्हटलं की राज कपूर, नर्गिस आणि दोघांत एक छत्री डोळ्यांसमोर येते. पण डोळे मिटून शैलेंद्रचे शब्द ऐका. त्यात पावसाचा एक थेंब नाही. प्रेमाची भीती आहे, न ठरलेला रस्ता आहे, आपल्यामागे उरणाऱ्या खुणा आहेत, आणि त्या ओळीवर रेनकोट घालून चालत जाणारी तीन लहान मुलं आहेत (ती राज कपूरचीच). पाऊस सगळा दिग्दर्शकाचा.

उलट ‘बरसात की रात’ (१९६०) मधलं ‘ज़िंदगी भर नहीं भूलेगी’ नायक रेडिओवर गातो, अगदी कोरड्या खोलीत. तरी पहिल्या ओळीपासून भिजायला होतं. ते पावसाचं गाणं.

मग ‘प्यार हुआ’ यादीतून काढलं का? काढलं होतं, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी परत घालायला लावलं. नियम आहे, पण घरही आहे.

२. पावसाची प्रेमगीतं ढीगभर आहेत. पण काहीच गाणी ऐकताना गलबलून का येतं?

माझ्या मते हे सगळं क्रियापदात आहे. गाण्यातला पाऊस आत्ता पडतोय की पडून गेलाय, ते पाहा. ‘आला’, ‘बरसतोय’, ‘चल भिजू’ असं असेल तर ते गाणं आनंदाचं, खोडकर किंवा मादक होतं. पाऊस भूतकाळात गेला की मात्र गाण्याचा रंगच बदलतो, कारण त्या पावसाबरोबरचं माणूसही तिथेच राहिलेलं असतं.

मराठीतलं याचं सगळ्यात नेमकं उदाहरण म्हणजे ‘भेट तुझी माझी स्मरते’. शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दाते यांचा. भेट पहिल्या ओळीतच ‘स्मरते’ आहे, म्हणजे ती होऊन गेली आहे. पावसाची, वादळाची ती रात्र पुढे तपशिलाने येते, पण सांगणारा माणूस आज कुठेतरी कोरड्यात बसला आहे. दात्यांच्या आवाजात आक्रोश नाही. शेजारी बसून हळू सांगावं तसं ते गातात, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

दुसरं उदाहरण ‘इजाज़त’ (१९८७) मधलं ‘मेरा कुछ सामान’. इथे पाऊस चक्क सामानासारखा परत मागितला आहे. गुलज़ारांनी एका छत्रीत दोघं अर्धे अर्धे भिजल्याची आठवण घातली आहे. कोरडं होतं ते मी घेऊन आले, ओलं मन तुझ्याकडेच राहिलं असावं, असा तिचा हिशेब. या गाण्यात नेहमीसारखी यमकं नाहीत, पत्र वाचावं तसे शब्द आहेत. आर. डी. बर्मननी त्याला चाल लावली आणि आशाबाईंनी ती गायली. गीतकार आणि गायिका दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा यादी करताना मी गाणी दशकांप्रमाणे लावत नाही. आधी ‘पडतोय’ गटातली, मग ‘पडून गेला’ गटातली. अंधार पडता पडता दुसरा गट सुरू व्हावा, एवढंच पाहते.

३. नव्याने ऐकायला सुरुवात करायची आहे. पहिली पाच-सहा गाणी सांगाल?

‘प्यार हुआ’ सोडून वर दिलेली तीन धराच. त्यांच्या आधी हलक्या मनाने ऐकायला ‘काला बाज़ार’ (१९६०) मधलं ‘रिमझिम के तराने’ लावा. रफी आणि गीता दत्त दोघंही इतक्या सहज गातात की गाणं छत्रीखाली गुणगुणल्यासारखं वाटतं. मग ‘जैत रे जैत’ (१९७७) मधलं ‘नभ उतरू आलं’, म्हणजे महानोरांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि आशाबाई. यातला ‘झिम्माड’ हा शब्द ऐकला की दुसऱ्या कुठल्याही भाषेत तो कसा सांगायचा याचा विचार करत बसावं. नव्वदच्या दशकासाठी ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’ (१९९४) मधलं ‘रिमझिम रिमझिम’. चित्रपट लागला तेव्हा आर. डी. बर्मन हयात नव्हते, हे माहीत असलं की ते जरा वेगळंच ऐकू येतं. आणि कॉलेजच्या दिवसांत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’ची कॅसेट झिजवली असेल, तर ती तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

४. ‘रिमझिम गिरे सावन’ दोन आहेत. खरं कुठलं आणि यादीत कुठलं घ्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. दोन्ही खरी. ‘मंज़िल’ (१९७९), दिग्दर्शक बासू चॅटर्जी, गीतकार योगेश, संगीत आर. डी. बर्मन. मुखडा एकच, पण अंतरे वेगळे आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

किशोरकुमारचं गाणं घरात, लोकांसमोर होतं. नायक पेटी घेऊन बसला आहे. त्यात थेंब घुंगरांसारखे वाजतात, म्हणजे पाऊस कानांवर येतोय, अंगावर नाही. पुढे तो म्हणतो की भरल्या मैफलीत कसं सांगू, मन एका अनोळखी व्यक्तीत गुंतलं आहे म्हणून. सगळी मजा या ‘कसं सांगू’ची आहे. पाऊस खिडकीबाहेर आणि प्रेम ओठांआड.

लताबाईंचं गाणं थेट रस्त्यावर आहे. अमिताभ आणि मौसमी चटर्जी मुंबईच्या खऱ्या पावसात चालतात. ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, कठड्यावरून उसळणाऱ्या लाटा. ओठ हलवत कुणी गात नाही, गाणं त्यांच्या मागे वाजत राहतं. इथले शब्द तुलना करतात. ढग आधीही बरसले होते, पदर आधीही भिजला होता, मग याच वर्षी मन का पेटतंय? प्रश्न २ मधली फूटपट्टी लावली तर हे गाणं मधोमध येतं. पाऊस आत्ताचा आहे, पण मागच्या सगळ्या पावसांशी ताडून पाहिलेला.

पाऊस खरा आहे हे ओळखायचं कसं, असंही एकाने विचारलं होतं. स्टुडिओतल्या पावसात प्रकाश मागून मारतात, नाहीतर कॅमेऱ्याला थेंब दिसतच नाहीत. त्यामुळे तिथल्या धारा चांदीच्या तारांसारख्या लखलखतात. ‘मंज़िल’मध्ये तसं काही नाही. के. के. महाजनांच्या कॅमेऱ्यात आभाळ राखाडी आहे, धारा नीट दिसतही नाहीत. दिसतात ते ओले रस्ते, चिकटलेले कपडे आणि वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस. जुलैत चर्चगेटला उतरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. २०२३च्या पावसाळ्यात एका ज्येष्ठ जोडप्याने त्याच जागांवर जाऊन हे गाणं पुन्हा चित्रित केलं होतं, ते बहुतेकांनी फोनवर पाहिलं असेलच.

यादीत घ्यायचं तर बैठकीच्या सुरुवातीला किशोर, शेवटाकडे लता. दोन्ही लागोपाठ लावू नका. एकमेकांचा रंग उतरवतात.

५. सावन म्हणजे आपला श्रावणच ना? मग हिंदी गाण्यातल्या सावनात धो धो पाऊस आणि मराठी श्रावणात ऊन कसं?

नाव एक, पण पंधरा दिवसांचा फरक. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिकडे सावन सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे आषाढाचा कृष्णपक्ष चालू असतो. म्हणजे सावनाचा पहिला अर्धा भाग हा आपला आषाढच.

त्यात महाराष्ट्राच्या पावसाची चाल वेगळी. कोकणात आणि घाटात सर्वात जोराचा पाऊस जुलैत, श्रावण उजाडेपर्यंत तो जरा दमलेला असतो. सर येते, जाते, लगेच ऊन पडतं. बालकवींनी ते एकदा लिहून ठेवलं आणि तेव्हापासून मराठी गाण्यातला श्रावण बहुतेक कोवळाच राहिला. काळोखी, वादळी पाऊस हवा असेल तर मराठी कवी आषाढाकडे जातो किंवा महिन्याचं नावच घेत नाही. ‘भेट तुझी माझी’मध्ये महिना नाही, फक्त रात्र आहे.

यातून एक चूक होते. हिंदी ‘सावन’ मराठीत आणताना ‘श्रावण’ लिहिलं की ऋतूच बदलतो. भाचीने लग्नातल्या गाण्यासाठी असं भाषांतर केलं होतं. श्रावणात नदीला पूर आणि नौका बुडाली. तिच्या आजीने पहिल्याच ओळीला हात वर केला.

६. ‘श्रावणात घन निळा’ सगळे मिळून गायला घेतलं की मध्येच गाडी का घसरते?

कारण श्रीनिवास खळे. बहुतेक गाण्यांत सगळ्या कडव्यांना एकच चाल असते, एक पाठ झालं की पुढचं जमतं. खळ्यांनी या गाण्यात कडव्यागणिक चाल बदलली आहे. पाडगांवकरांचे शब्द पाठ असले तरी दुसऱ्या कडव्याला लोक पहिल्याची चाल लावतात आणि मुखड्यावर परत यायची वाट सापडत नाही. लताबाई ते इतकं सोपं करून गातात की आपल्यालाही येईल असं वाटतं. नाही येत.

उपाय एकच. मुखडा सगळ्यांनी म्हणायचा, कडवी ज्याला खरोखर येतात त्याने. आमच्याकडे असं एकच माणूस आहे आणि ती दरवर्षी भजी तळायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात लपते. सगळ्यांनी मिळून गायला ‘केतकीच्या बनी तिथे नाचला गं मोर’ घ्या, ते सांभाळून घेतं.

७. पावसाचं गाणं मल्हारात असलं पाहिजे का?

मुळीच नाही. या पानावरची बरीचशी गाणी मल्हारात नाहीत. मियाँ मल्हार ओळखायचा तर कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद अगदी शेजारी शेजारी येतात आणि कोमल गंधार झुलत राहतो. ढग गडगडल्यासारखा तो खालच्या सप्तकात शोभतो. चित्रपटात ऐकायचा असेल तर ‘गुड्डी’ (१९७१) मधलं ‘बोले रे पपिहरा’ ऐका. संगीत वसंत देसाईंचं, आवाज वाणी जयराम यांचा. पण हा राग भारदस्त आहे. छत्रीतली कुजबुज त्याच्या अंगाला बसत नाही, म्हणून संगीतकार प्रेमासाठी सहसा दुसरीकडे वळतात.

८. मराठी-हिंदी सोडून दुसऱ्या भाषांतली घ्यायची तर कुठून सुरुवात करू? भाषा कळत नाही, त्याचं काय?

बंगालीपासून करा, कारण शब्द अर्धे आपलेच असतात. रवींद्रनाथांच्या निसर्गगीतांत सर्वाधिक गाणी पावसाळ्याचीच आहेत, शंभराहून जास्त. ‘बादल दिनेर प्रथम कदम फूल’ उतारवयातलं आहे. पावसाळ्यातलं पहिलं कदंबाचं फूल तू मला दिलंस, मी तुला श्रावणाचं गाणं द्यायला आलोय, असा साधा व्यवहार. आज दिलंस, उद्या देशील न देशील, हा विचार त्यात आहे आणि सगळी हुरहूर तिथेच. जरा हलकं हवं असेल तर हेमंत मुखर्जींचं (आपले हेमंतकुमार) ‘एइ मेघला दिने एकला’. अशा मळभाच्या दिवशी एकट्याने घरात मन रमत नाही, एवढंच म्हणणं.

तमिळमध्ये १९८६ साली गंमत झाली. संगीतकार इळैयराजा, पडद्यावर रेवती आणि पाऊस, अशी दोन गाणी एकाच वर्षी आली: ‘मौन रागम’मधलं ‘ओहो मेघम वन्ददो’ एस. जानकींच्या आवाजात आणि ‘पुन्नगै मन्नन’मधलं ‘वान मेघम’ चित्रांच्या आवाजात. दोन्ही ‘पडतोय’ गटातली, हुंदडणारी. चेन्नईचा खरा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैचा नाही, ऑक्टोबर ते डिसेंबरचा आहे, हे लक्षात ठेवा. तिथल्या मित्राला जुलैत ‘पावसाची गाणी’ पाठवली तर तो घाम पुसत ऐकतो.

मल्याळममध्ये ‘तूवानत्तुंबिकळ’ (१९८७). पद्मराजनच्या या चित्रपटात नायिका क्लारा येते तेव्हा पाऊस येतो, आणि केरळात अजूनही पाऊस म्हटला की लोकांना ती आठवते. येसुदासांचं ‘मेघम पूत्तु तुडङ्ङी’, म्हणजे ढग फुलायला लागले. कन्नडमध्ये ‘मुंगारु मळे’ (२००६). नावाचाच अर्थ मोसमातला पहिला पाऊस. त्यातलं ‘अनिसुतिदे याको इंदु’ लिहिणारे जयंत कायकिणी मूळ गोकर्णचे, पण अनेक वर्षं मुंबईत राहिलेले. गायक सोनू निगम, त्यामुळे आवाज ओळखीचा लागतो.

भाषा न कळण्याबद्दल: एकदा अर्थ विचारून घ्या, दुसऱ्यांदा अर्थ विसरून ऐका. भाषांतर समोर ठेवून ऐकलं की कान वाचत बसतात.

९. एकाच चालीवर दोन भाषांत गाणं असेल तर दोन्ही पावसाची धरायची का?

नाही, आणि याचं उदाहरण फार सुंदर आहे. ‘परख’ (१९६०) मधलं ‘ओ सजना बरखा बहार आई’ सलील चौधरींचं. साधना ओसरीवर उभी, बाहेर पाऊस, आणि शैलेंद्रच्या शब्दांत रसाची फुहार. हीच चाल लताबाईंनीच बंगालीत गायली आहे, ‘ना जेओ ना’. तिथे ती म्हणते जाऊ नकोस, रात्र अजून बाकी आहे. पाऊस कुठेच नाही. आधी बंगाली ऐकलेल्या माझ्या शेजारणीला या चालीत थेंब कधी ऐकूच आले नव्हते. तिच्यासाठी ते पहाटेचं गाणं. आम्हाला सतारीत जे थेंब ऐकू येतात ते शैलेंद्रने कानात घातलेले.

१०. इंग्रजीतलं एखादं?

कॅस्केड्सचं ‘ऱ्हिदम ऑफ द रेन’ (१९६२). ‘रेनड्रॉप्स कीप फॉलिंग ऑन माय हेड’ (१९६९) लोक हमखास सुचवतात, पण ते ना प्रेमाचं ना आठवणीचं, आणि चित्रपटात ते लख्ख उन्हात सायकलवर आहे. ‘सिंगिंग इन द रेन’ त्याच नावाच्या १९५२च्या चित्रपटामुळे माहीत असलं तरी गाणं १९२९ सालचं आहे. ‘पडतोय’ गट, सुरुवातीलाच.

११. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ तुमच्या यादीत का नाही? त्याहून व्याकूळ प्रेमगीत मराठीत आहे का?

ते प्रेयसीचं गाणं नाही. ग्रेस यांची कविता आहे, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावून स्वतः गायलेली. मुखडा ऐकून सगळे प्रेयसी धरून बसतात, कारण ‘ती’, पाऊस आणि जाणं एवढ्यावर आपलं मन लगेच गोष्ट रचतं. पण पुढे कवी स्वच्छ सांगतो की ती आई होती. त्यानंतर बालपण संपल्याची जाणीव आणि खिडकीतला कंदील येतो. एका बैठकीत नवविवाहित जोडप्यासाठी ते कुणीतरी हौसेने लावलं होतं. मुलीची आई दोनच वर्षांपूर्वी गेली होती. मी तेव्हापासून ते एकटीने ऐकते.

असंच काहीसं ‘वो काग़ज़ की कश्ती, वो बारिश का पानी’ या सुदर्शन फ़ाकिर यांच्या शब्दांचं. जगजित सिंग यांचा आवाज आहे म्हणून त्याला प्रेमाची गझल समजतात. प्रेम आहे, पण ते लहानपणावरचं. ते मात्र मी घेते, अगदी शेवटी, कारण ते सगळ्यांचं आहे.

१२. यादी फोनवर लावतो, पण पाऊस जोरात आला की शब्दच कळत नाहीत. आवाज वाढवूनही फरक पडत नाही.

पावसाच्या आवाजात सगळ्या उंचीचे सूर एकदम असतात, विशेषतः पत्र्यावर पडत असेल तर. त्यात गाण्यातली स, श, त ही व्यंजनं आधी बुडतात आणि व्यंजनं गेली की शब्द गेले. फोनचा स्पीकर छोटा, त्याचा आवाज वाढवला की तो फाटतो, स्पष्ट होत नाही. स्पीकर खिडकीपासून लांब, भिंतीजवळ, माणसांच्या कानांच्या उंचीवर ठेवा आणि पावसाच्या बाजूची एक खिडकी लावून घ्या. सगळ्या नको, मग बैठकीला अर्थ काय राहिला? जोराची सर असेल तेव्हा ज्यांत गायकाचा आवाज पुढे आणि वाद्यं मागे आहेत अशी पन्नास-साठच्या दशकातली गाणी लावा. ‘मेरा कुछ सामान’ सर ओसरेपर्यंत थांबू शकतं.

१३. त्याच गाण्यांच्या संथ केलेल्या, मागे पावसाचा आवाज घातलेल्या आवृत्त्या चालतील का?

मुलांना आवडतात, मी भांडत नाही. फक्त एवढं माहीत असू द्या की गाणं नुसतं १५ टक्के संथ केलं तर आवाजही खाली उतरतो, पेटीवर जवळजवळ तीन पट्ट्या. लताबाई मग लताबाई राहत नाहीत, कुणीतरी झोपाळू अनोळखी बाई गाते. आणि मागे घातलेला पाऊस पुन्हा पुन्हा तोच वाजतो. जरा लक्ष दिलंत तर तोच एक मोठा थेंब ठराविक वेळाने परत पडताना ऐकू येतो. एकदा ऐकू आला की मग दुसरं काहीच ऐकू येत नाही.